बांध सरकल्याचा पुरावा

नांगरट सुरू झाली की ट्रॅक्टरचा फाळ बांधाला घासून जातो. एका हंगामात फार तर वीतभर माती सुटते आणि तेवढ्यासाठी कुणी भांडत नाही. पण हेच दरवर्षी झाले की दहा-बारा वर्षांत बांध चांगलाच आत येतो. मालकाच्या ते ध्यानात येते, तेव्हा शेजारी ठामपणे सांगतो, “बांध आजोबांपासून इथेच आहे.” गावाकडे याला बांध कोरणे म्हणतात. दिवाणी न्यायालयात त्याचेच नाव अतिक्रमण होते आणि गेलेला तुकडा परत मिळवण्यासाठी ताब्याचा दावा लावावा लागतो.

असे दावे बहुतेक वेळा एका नकाशावर जिंकले किंवा हरले जातात. तरीही वकिलाकडे जाताना शेतकरी हातात सातबारा घेऊन जातो. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो, क्षेत्र असते, नाव असते. हद्द मात्र जमिनीवर नेमकी कुठून जाते, हे त्यावरून कळत नाही. क्षेत्र दोन हेक्टर लिहिले आहे म्हणून शेजाऱ्याने अमुक फूट जमीन घेतली, असे त्यातून सिद्ध होत नाही.

हद्दीची माहिती भूमी अभिलेख कार्यालयात असते. मूळ सर्वेक्षणात प्रत्येक सर्व्हे नंबरचे टिपण तयार झाले. त्यात पायारेषा आणि तिच्यापासून कोपऱ्यांपर्यंतची अंतरे साखळी-आण्यांत लिहिली गेली. ही साखळी ३३ फुटांची आणि तिचे आणे सोळा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, म्हणजेच १०८९ चौरस फूट. पुढे पोटहिस्से पडले तसे फाळणी नकाशे झाले आणि १९४७च्या कायद्याखाली जिथे एकत्रीकरण झाले तिथे गट आणि त्यांचे नकाशे आले. मोजणीदार हेच जुने अभिलेख घेऊन शेतात येतो.

एक उदाहरण मांडून पाहू. दोन गटांमधली सामाईक हद्द ३३० फूट लांब आहे. विहिरीकडच्या टोकाला बांध जागेवर आहे, पण रस्त्याकडच्या टोकाला तो १३ फूट आत आला आहे. म्हणजे गेलेला तुकडा पाचरीसारखा त्रिकोणी झाला. ३३० गुणिले १३, भागिले दोन असा हिशेब केला की २१४५ चौरस फूट येतात. जवळजवळ दोन गुंठे गेले.

मालकाने हद्द कायम मोजणीचा अर्ज करून फी भरली की लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात. मोजणीच्या दिवशी भूकरमापक आधी पक्क्या खुणा शोधतो: जुने हद्दीचे दगड, जुनी विहीर, आसपासच्या गटांचे वादात नसलेले कोपरे. त्यांच्या आधाराने तो आज प्रत्यक्ष वहिवाट कुठवर आहे ते मोजतो आणि त्यावर अभिलेखातली हद्द बसवतो. ‘क’ प्रत नकाशावर वहिवाटीची रेषा एक आणि अभिलेखाची रेषा दुसरी अशा दोन्ही दिसतात. त्यांच्यामधला तुकडा म्हणजे अतिक्रमण. इथे सगळ्यात घातक चूक एकच होते. जुन्या खुणा न शोधता आजचा बांधच खूण धरून मोजणी केली जाते. ज्या बांधाबद्दल वाद आहे त्यालाच प्रमाण मानले, तर त्या नकाशाने काहीच ठरत नाही. म्हणून मोजणी कोणत्या खुणांवरून केली, हे जागेवरच विचारून घ्यावे. निकाल पटला नाही तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी मागता येते.

दुसरी अडचण अशी की मोजणी एकाच्या अर्जावर होते आणि शेजाऱ्याचा गट पूर्ण मोजलाच जात नाही. खरे तर दोन्ही गट मोजले की चित्र लगेच उघड होते. एकाचे क्षेत्र अभिलेखापेक्षा दोन गुंठे कमी आणि दुसऱ्याचे तेवढेच जास्त भरले, तर अतिक्रमणाला बळकट आधार मिळतो. दोघांचेही क्षेत्र कमी भरले, तर मात्र शंका शेजाऱ्यावर न घेता आधी अभिलेखावर घ्यावी. एकत्रीकरणाच्या वेळी नकाशा आणि क्षेत्र यांचा मेळ चुकला असण्याची शक्यता तिथे असते आणि तिचा उपाय अभिलेख दुरुस्तीत आहे.

दावा लावताना मुदत बघावी लागते. नुकताच, सहा महिन्यांच्या आत, जबरदस्तीने ताबा गेला असेल तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली मालकीच्या प्रश्नात न शिरता ताबा परत मागता येतो. शेतजमिनीसाठी १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडेही जाता येते आणि तिथेही मुदत सहा महिन्यांचीच आहे. पण हळूहळू कोरलेल्या बांधाला हे मार्ग फारसे लागू पडत नाहीत. तिथे मालकीच्या आधारावर ताब्याचा दावा करावा लागतो. शेजाऱ्याचा ताबा मालकाच्या हक्काला विरोधी झाला त्या दिवसापासून त्याला १२ वर्षांची मुदत आहे. तशी १२ वर्षे भरल्याचे शाबीत करण्याची जबाबदारी शेजाऱ्यावर असते. अनेक जण नुसता मनाई हुकूम मागतात आणि तिथेच चुकतात. तुकडा आधीच शेजाऱ्याच्या ताब्यात गेला असेल, तर ‘वहिवाटीला अडथळा करू नये’ असा आदेश मिळून उपयोग नसतो. ताबाच मागावा लागतो.

दाव्यात त्या दोन गुंठ्यांचे वर्णन नेमके हवे: गट क्रमांक, चतुःसीमा, लांबी-रुंदी आणि सोबत नकाशा. ‘पूर्वेकडील काही भाग’ असे लिहिलेल्या दाव्यात हुकूमनामा मिळाला तरी तो जागेवर बजावता येत नाही.

शेजारी खाजगी मोजणी मान्य करत नाही, हे गृहीतच धरावे. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ खाली न्यायालय मोजणीसाठी आयुक्त नेमू शकते आणि मोजणी दोन्ही गटांची, दोन्ही पक्षांसमोर करायला सांगता येते. हरियाणा वक्फ बोर्डाच्या एका हद्दीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेच म्हटले. जमिनींच्या सीमांबाबतच वाद असताना खालच्या न्यायालयांनी आयुक्त नेमायला हवा होता, असे सांगून ते प्रकरण परत पाठवले गेले. हा अर्ज लवकर करावा. साक्षी संपत आल्यावर केला, तर पुरावा गोळा करण्यासाठीच तो केल्याचा आक्षेप येतो.

मोजणीचा अहवाल आला तरी काम संपत नाही. शेजारी त्यावर हरकत घेतो, मोजणीदाराला साक्षीसाठी बोलावले जाते आणि उलटतपासणीत पहिले प्रश्न नोटिसा आणि खुणा यांवरच येतात. नोटीस पोचल्याची पोच आणि पंचनाम्यावरच्या सह्या जपून ठेवाव्यात, त्या इथे उपयोगी पडतात.

दावा मंजूर झाला तर हुकूमनाम्यात त्या तुकड्याचा ताबा, पुढे अडथळा न करण्याची मनाई आणि मागणी केली असल्यास मधल्या काळातल्या उत्पन्नाची भरपाई मिळू शकते. शेजाऱ्याने आपणहून जागा सोडली नाही तर दरखास्त दाखल करावी लागते आणि बेलिफामार्फत ताबा घेतला जातो. त्या दिवशी भूकरमापक सोबत असावा, नकाशाप्रमाणे दगड रोवले जावेत आणि पंचनामा व्हावा, असे वकिलाला आधीच सांगून ठेवा. ताब्याच्या हुकूमनाम्याची दरखास्त करायला १२ वर्षांची मुदत असते.