हेडहंटरला पत्र: ‘गोपनीय’ एवढं लिहून भागत नाही

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरावृत्ती तेवढी कमी केली आहे.)

आजचा भाग एका श्रोत्याच्या पत्रावरून सुचला. हे गृहस्थ मूळचे बोदवडचे. आईवडील आणि कापसाची शेती तिकडेच, स्वतः नोकरीसाठी जळगावात. प्लास्टिक पाइप आणि ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर. एकूण अनुभव १७ वर्षं, त्यातली ११ याच कंपनीत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

त्यांनी एका हेडहंटरला मेल केला होता. वर ठळक अक्षरात ‘गोपनीय’, खाली तीन ओळी, सोबत पूर्ण बायोडेटा. दहा-बारा दिवसांनी त्यांच्याच कंपनीच्या एचआरवाल्यांनी चहाला बोलावलं आणि हसत विचारलं, “काय साहेब, आमचा कंटाळा आला का?” नोकरी गेली नाही. पण त्या वर्षीच्या पगारवाढीच्या चर्चेत ते बसले तेव्हा समोरच्याला त्यांचे पत्ते आधीच माहीत होते. त्यांचा प्रश्न एवढाच आहे: “मी गोपनीय लिहिलं होतं ना, मग हे कसं झालं?”

मी स्वतः काही वर्षं भरतीच्या कामात होतो, म्हणून आधी आतली गोष्ट सांगतो.

हेडहंटरला पैसे तुम्ही देत नाही, कंपनी देते. आणि ते देण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत कंपनी एकाच फर्मला काम सोपवते आणि फी हप्त्याहप्त्याने देते. अशी फर्म निवांतपणे माणूस शोधते, कारण काही पैसे हातात आलेले असतात. दुसऱ्या पद्धतीत एकच जागा चार-पाच कन्सल्टंटना सांगितलेली असते. ज्याचा उमेदवार रुजू होईल त्यालाच फी, बऱ्याचदा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. बाकीच्यांना शून्य. शिवाय एकाच माणसाचा बायोडेटा दोघांकडून आला, तर ज्याने आधी पाठवला त्याचा तो उमेदवार मानला जातो.

आता या दुसऱ्या पद्धतीत काय होणार ते बघा. तुमचा बायोडेटा हातात पडला की त्याला घाई होते. तुम्हाला विचारत बसलो तर दुसरा कोणीतरी आधी पाठवेल, ही भीती. मग तो एकाच दुपारी सहा कंपन्यांना जातो. त्यातल्या एका कंपनीचा एचआर आधी तुमच्या कंपनीत असतो, किंवा रोज तुमच्या एचआरबरोबर एकाच गाडीने अप-डाउन करतो. जळगावची एमआयडीसी काही पुण्याएवढी नाही. पाइप, ठिबक, चटई, डाळ मिल, सगळे एकमेकांना नावानिशी ओळखतात. ‘गोपनीय’ हा शब्द त्या कन्सल्टंटने वाचला असेलही. पण नेमकं काय करायचं नाही, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट: गोपनीयता म्हणजे विनंती नाही, सूचना. कोणाला पाठवायचं नाही, कधी विचारायचं, कुठे फोन करायचा, हे तीन वाक्यांत लिहायचं.

दुसरी गोष्ट: पहिल्या पत्रासोबत बायोडेटा जोडायचाच नाही. आधी विचारायचं की माझ्या भागातली पाइप किंवा ठिबकची कुठली कंपनी तुमची क्लायंट आहे का. चांगल्या फर्म आपल्या क्लायंटची माणसं फोडत नाहीत, हा त्या धंद्याचा नियम आहे. तुमची कंपनीच त्यांची क्लायंट निघाली तर ते तुमच्यासाठी फार काही करू शकणार नाहीत, आणि तुमचं नाव मात्र तिथे पडून राहील. आणि हो, कंपनीचं नाव लपवून उपयोग नाही, जर खाली ‘अमुक मशीनच्या सात लाइन, अमुक क्षमता’ असं लिहिलं असेल तर. आपल्या भागात ते वाचून कोणीही एका मिनिटात सांगेल की हे कोण.

आता पगार. इथे या गृहस्थांची दुसरी चूक होती. त्यांनी लिहिलं होतं, “अपेक्षा: सध्याच्या पगारावर ३० टक्के वाढ.” आपण हिशेब करू, सोपा आहे.

त्यांचा पक्का पगार महिना १ लाख, म्हणजे वर्षाला १२ लाख. कागदावरचा सीटीसी मात्र १४ लाखांच्या वर, कारण त्यात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि १ लाख २० हजारांचा कामगिरी बोनस धरलेला. त्या बोनसपैकी गेल्या वर्षी प्रत्यक्ष मिळाले ८४ हजार. म्हणजे हिशेबाचा आकडा १२ लाख ८४ हजार. नव्या कर पद्धतीच्या २०२५-२६ च्या दरांनी, ७५ हजारांची वजावट धरून, त्यावर कर बसतो साधारण साडेनऊ हजार. राहिले पावणेतेरा लाख. पीएफमध्ये स्वतःचे कापलेले पैसे आपलेच, म्हणून ते वेगळे धरत नाही.

आता ३० टक्के वाढ घेऊन ते नाशिकला गेले. पक्का पगार १५ लाख ६० हजार. नव्या ठिकाणचा बोनस पहिल्या वर्षी मिळेलच असं नाही, म्हणून तो शून्य. कर १ लाख ७ हजार. जळगावात स्वतःचं घर आहे, नाशिकला भाडं महिना २० हजार धरू. बोदवडला आईवडिलांकडे जाण्यायेण्याचा वाढीव खर्च महिना ३ हजार. वर्षाचे झाले २ लाख ७६ हजार. हे सगळं वजा केल्यावर राहतात पावणेबारा लाख. म्हणजे ३० टक्के वाढ घेऊन माणूस वर्षाला जवळपास एक लाखाने मागे! पक्का पगार १८ लाख असेल, तर कर आणि खर्च जाऊन १३ लाख ७३ हजार राहतात. तेव्हा कुठे लाखभर फायदा.

या हिशेबाने फक्त आकडा नाही बदलला, हवी असलेली जागाही बदलली. त्यांनी आधी ‘प्रॉडक्शन मॅनेजर किंवा तत्सम’ लिहिलं होतं. बाहेरगावी त्याच पदावर १२ चे १८ कोण देणार? तेवढा पगार हवा तर जबाबदारी वाढायला हवी, म्हणजे प्लांट हेड. आणि प्रॉडक्शन हेडची जागा घ्यायचीच तर ती जाण्यायेण्याच्या अंतरावरची, जिथे नवं बिऱ्हाड मांडावं लागणार नाही. पण जळगाव परिसर तर गोपनीयतेमुळे वगळायचा आहे. म्हणून उरली एकच जागा. ‘तत्सम’ हा शब्द काढून टाकला.

पत्रात आकडा एकच लिहा. ‘१६ ते १८’ लिहिलं की समोरचा १६ च वाचतो. तुमची शेवटची पायरी कोणती, ती घरात ठेवा, कारण हेडहंटरची फी कंपनीकडून येते. पण सध्याचा पगार मात्र खरा सांगा. पुढे तीन महिन्यांच्या पगार स्लिपा आणि फॉर्म १६ मागतात, तिथे फुगवलेला आकडा उघडा पडतो आणि हातची ऑफर जाते.

आता पत्र वाचून दाखवतो. प्रत्यक्षात ते इंग्रजीत जाईल, पण क्रम हाच ठेवा. आणि ते ऑफिसच्या मेलवरून किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवरून पाठवू नका.

“नमस्कार मॅडम,

प्लास्टिक पाइप आणि ठिबक नळीच्या उत्पादनात मला १७ वर्षांचा अनुभव आहे. सध्या उत्तर महाराष्ट्रातल्या एका कंपनीत तिन्ही शिफ्टच्या उत्पादनाची जबाबदारी माझ्याकडे आहे.

मला प्लांट हेडची जागा हवी आहे, पाइप किंवा प्लास्टिक एक्स्ट्रूजनमध्ये. ठिकाण नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे. जळगाव जिल्ह्यातली कुठलीही जागा नको.

सध्याचा पक्का पगार वर्षाला १२ लाख, शिवाय गेल्या वर्षी प्रत्यक्ष मिळालेला बोनस ८४ हजार. अपेक्षा पक्क्या १८ लाखांची, बोनस वेगळा. बिऱ्हाड हलवावं लागणार असल्याने हा आकडा टक्क्यांवर नव्हे, खर्चावर काढला आहे. नोटीस ९० दिवसांची.

माझ्या शोधाची कल्पना सध्याच्या कंपनीला नाही. म्हणून तीन गोष्टी. जळगाव परिसरातली पाइप किंवा ठिबकची कंपनी आपली क्लायंट असल्यास आधी कळवावं. माझी माहिती कुठल्याही कंपनीला देण्यापूर्वी, दर वेळी, त्या कंपनीचं नाव सांगून माझी लेखी संमती घ्यावी. आणि सध्याच्या कंपनीकडे चौकशी मी ऑफर स्वीकारून राजीनामा दिल्यानंतरच व्हावी. त्याआधी संदर्भ म्हणून माझ्या पूर्वीच्या वरिष्ठांचा नंबर देईन.

फोन संध्याकाळी ८ नंतर, याच नंबरवर. आपलं उत्तर आल्यावर बायोडेटा पाठवतो.”

बस. एवढंच पत्र.

राजीनाम्यानंतर चौकशी, हे वाक्य का? बऱ्याच कंपन्या उमेदवाराची पडताळणी बाहेरच्या एजन्सीला देतात. त्या एजन्सीच्या फॉर्मवर ‘सध्याच्या कंपनीशी आता संपर्क करू का’ असा प्रश्न असतो. तो घाईत भरला गेला, तर सगळी काळजी घेऊनही शेवटच्या आठवड्यात बातमी फुटते.

बायोडेटा पाठवाल तेव्हा त्यात कंपनीचे ग्राहक, दर, कच्च्या मालाचं मिश्रण असलं काही नको. नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जाऊ नये, ही अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. पण कंपनीची गुपितं फोडली तर तो वेगळा मामला, तिथे तुम्हीच अडचणीत याल.

आणि मर्यादाही सांगतो. या पत्राने गळती शून्य होत नाही. नोकरीच्या साइटवर तुमचा प्रोफाइल उघडा असेल तर पत्राचा उपयोग काय? नोकरी डॉट कॉमवर ठरावीक कंपन्यांपासून प्रोफाइल लपवायची सोय आहे, तिथे आपल्या कंपनीचं नाव आधी टाका. लिंक्डइनवर ‘फक्त रिक्रूटर्सना दिसेल’ ही सोय आहे, पण पूर्ण गोपनीयतेची हमी ते स्वतःच देत नाहीत.

फुटलं हे कळतं कसं? तुम्ही नाव न ऐकलेल्या कंपनीतून फोन येतो, “तुमचा बायोडेटा आलाय.” त्या क्षणी एकच प्रश्न विचारायचा: “कोणी पाठवला?” नाव मिळालं की त्याच दिवशी त्या कन्सल्टंटला लेखी कळवायचं की माझी माहिती काढून टाका, यापुढे कुठेही पाठवू नका.

आपल्या बोदवडच्या मित्राने हे पत्र चार जणांना पाठवलं. दोघांचं उत्तरच आलं नाही. एकीने सरळ सांगितलं, “तुमच्या भागातली एक कंपनी आमची क्लायंट आहे, बायोडेटा पाठवू नका.” चौथ्याशी बोलणं सुरू आहे. मला विचाराल तर त्या तिसरीचं उत्तर सगळ्यात मोलाचं. मागच्या वेळी हाच प्रश्न आधी विचारला असता, तर तो चहा टळला असता.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात.