उन्हाचा धक्का

प्रकाशाला वस्तुमान नसलं तरी संवेग असतो. काळा पृष्ठभाग प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे धक्का एकदाच बसतो. आरसा त्याला उलट फेकतो, म्हणून धक्का दुप्पट. पृथ्वीजवळ दर चौरस मीटरवर सुमारे १३६० वॅट ऊन पडतं. त्याला प्रकाशवेगाने भागलं की काळ्या पृष्ठभागावर साडेचार मायक्रोन्यूटन बल मिळतं, आरशावर नऊ.

जपानने २०१० साली सोडलेल्या ‘इकारोस’चं शीड १४ मीटर बाजूचं होतं, म्हणजे १९६ चौरस मीटर. आदर्श आरसा धरला तर बल १.८ मिलिन्यूटन निघतं, प्रत्यक्षात १.१२ भरलं. खरा पडदा सगळाच प्रकाश परतवत नाही, शिवाय त्यावर सौरघटही चिकटवलेले होते. एवढंसं बल, पण इंधन शून्य! सुमारे ३१० किलोच्या यानाचा वेग त्याने दिवसाकाठी सेकंदाला ०.३ मीटरने बदलतो.