१०,००० एमएएचची पॉवर बँक फोन दोनदा का भरत नाही?

पॉवर बँकेवर ठळक अक्षरांत १०,००० एमएएच लिहिलेलं असतं आणि फोनची बॅटरी ५,००० एमएएचची असते. भागाकार सरळ आहे, त्यामुळे फोन दोनदा पूर्ण भरेल असं कुणीही धरून चालतं. प्रत्यक्षात एकदा भरतो, दुसऱ्यांदा निम्म्याच्या आसपास येतो आणि पॉवर बँकेचे दिवे विझतात. मग दुकानदाराने फसवलं असं वाटतं. फसवणूक होतेही, पण एवढ्या फरकावरून ती सिद्ध होत नाही. चांगल्या कंपनीच्या अस्सल पॉवर बँकेतही हेच घडतं, कारण भागाकारातले दोन्ही आकडे एकाच मापाचे नाहीत.

एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास. किती विद्युतप्रवाह किती वेळ देता येईल, हे तो आकडा सांगतो. तो प्रवाह किती दाबाने, म्हणजे किती व्होल्टने मिळणार, याबद्दल तो काहीच बोलत नाही. इमारतीवरच्या टाकीचा विचार करा. हजार लिटर पाणी पहिल्या मजल्यावर असो की पाचव्या, लिटर तेवढेच. पण ते पाचव्या मजल्यावर चढवायला पंपाला कितीतरी जास्त वीज लागते. एमएएच हे लिटर आहेत आणि व्होल्ट हा मजला. मजला सांगितल्याशिवाय नुसत्या लिटरवरून किती ऊर्जा साठली आहे ते कळत नाही.

पॉवर बँकेच्या पोटात लिथियमचे सेल असतात. पूर्ण भरलेल्या सेलचा दाब साधारण ४.२ व्होल्ट असतो आणि तो रिकामा होत जाईल तसा ३ व्होल्टच्या आसपास उतरतो. हिशेबासाठी बहुतेक ठिकाणी ३.७ व्होल्ट धरतात. खोक्यावरचे १०,००० एमएएच हे या ३.७ व्होल्टवरचे, म्हणजे आतल्या सेलचे असतात. तो आकडा खोटा नसतो, फक्त तो फोनला मिळणाऱ्या विजेचा नसतो.

फोनच्या केबलमधून निदान ५ व्होल्ट जावे लागतात. म्हणून पॉवर बँकेत एक छोटं सर्किट बसवलेलं असतं, जे सेलचा दाब ३.७ वरून ५ व्होल्टवर चढवतं. दाब चढला की प्रवाहाचं प्रमाण त्याच हिशेबाने उतरतं, कारण मुळातली ऊर्जा वाढत नाही. ही ऊर्जा वॉट-तासांत मोजतात आणि ती काढणं सोपं आहे: एमएएचला १,००० ने भागायचं आणि व्होल्टने गुणायचं. १०,००० एमएएचचे झाले १० अँपिअर-तास, त्याला ३.७ ने गुणलं की ३७ वॉट-तास. आता हेच ३७ वॉट-तास ५ व्होल्टवर द्यायचे तर ३७ भागिले ५, म्हणजे ७,४०० एमएएच. विजेचा एक थेंबही वाया न जाता आकडा १०,००० वरून इथवर आला.

पण वाया जातंच. दाब चढवणारं सर्किट काम करताना तापतं. पॉवर बँक वापरताना हाताला कोमट लागते, ती ऊब म्हणजे फोनपर्यंत न पोचलेली वीज. चांगल्या सर्किटमध्येही दहा ते पंधरा टक्के अशी खर्ची पडते. समजा, ३७ पैकी ३२ वॉट-तास बाहेर आले. ५ व्होल्टवर ते होतात ६,४०० एमएएच. पॉवर बँक उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली, तर अनेकदा याच्या जवळपासचा आकडा ‘रेटेड कपॅसिटी’ या नावाखाली, शेजारी ५ व्होल्ट असं लिहून, छापलेला सापडतो. विकत घेताना वाचायचा आकडा हा.

आता फोनकडे वळू. त्याच्या ५,००० एमएएचच्या बॅटरीचा दाब साधारण ३.८५ व्होल्ट धरला, तर तिच्यात १९ वॉट-तासांहून थोडी जास्त ऊर्जा मावते. केबलमधून आलेले ५ किंवा ९ व्होल्ट फोनला पुन्हा बॅटरीच्या दाबावर उतरवावे लागतात. त्यातही उष्णता होते, बॅटरी स्वतः तापते आणि फोन चालू असल्याने थोडी वीज तो जागीच वापरतो. म्हणून १९ आत जायला साधारण २२ वॉट-तास पुरवावे लागतात. ३२ भागिले २२, उत्तर जेमतेम दीड. फोन दोनदा का भरला नाही, याचा हा पूर्ण हिशेब आहे.

हा दीडही स्थिर नाही. चार्जिंग चालू असताना व्हिडिओ पाहिला किंवा हॉटस्पॉट लावला, तर आलेली वीज बॅटरीत जाण्याआधीच खर्च होते. लांब, बारीक तारेच्या स्वस्त केबलमध्ये आणखी गळती होते. वायरलेस चार्जिंगमध्ये नुकसान बरंच वाढतं. दोन-तीन वर्षं वापरलेल्या पॉवर बँकेचे सेलही आधीइतके भरत नाहीत.

मग अस्सल कोणती आणि खोटी कोणती, हे घरी कसं ओळखायचं? पॉवर बँक पूर्ण भरा, फोन बंद करून साध्या केबलने चार्ज करा आणि ती संपेपर्यंत फोनच्या बॅटरीत एकूण किती टक्के भर पडली ते एक-दोन फेऱ्यांत मिळून मोजा. ५,००० एमएएचच्या फोनसाठी १०,००० च्या नव्या पॉवर बँकेकडून ही बेरीज १४० ते १५० टक्क्यांच्या आसपास यायला हवी. ती शंभरही भरली नाही, तर आत छापल्याएवढे सेल नाहीत अशी शंका घ्यायला जागा आहे. केबलमध्ये बसणारा छोटा यूएसबी मीटर असेल, तर त्यावर एमएएच न पाहता वॉट-तास पाहा. जलद चार्जिंगमध्ये दाब ९ व्होल्टवर गेला की तेच ३२ वॉट-तास मीटरवर ३,५०० एमएएचच्या आसपास दिसतात आणि चांगली वस्तूही निकामी वाटू लागते.

दुकानात उभं राहून करायची परीक्षा वजनाची. आजच्या चांगल्या लिथियम सेलमध्येही किलोमागे साधारण २५० वॉट-तास मावतात. खिशात मावणाऱ्या, दोनशे ग्रॅमच्या पॉवर बँकेवर ५०,००० एमएएच छापलं असेल, तर तिच्यात १८५ वॉट-तास असायला हवेत आणि त्यासाठी नुसत्या सेलचंच वजन सातशे ग्रॅमच्या पुढे जायला हवं. तो आकडा खोटा आहे, हे पेटी न उघडता कळतं.

विमान कंपन्याही पॉवर बँक वॉट-तासांतच मोजतात. १०० वॉट-तासांपर्यंतची हातातल्या सामानात चालते, १०० ते १६० च्या मधली कंपनीच्या परवानगीने आणि त्यापुढची नाहीच. चेक-इनच्या बॅगेत तर कोणतीच ठेवता येत नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची असल्याने ती या मर्यादेत बसते. म्हणून खरेदी करताना मागच्या बाजूला वॉट-तासांचा आकडा शोधा आणि आपल्या फोनच्या वॉट-तासांना सव्वापट करून त्याची तुलना पॉवर बँकेच्या ५ व्होल्टवरच्या आकड्याशी करा. फोन खरोखर दोनदा भरायचा असेल, तर ५,००० एमएएचच्या फोनसाठी १०,००० ऐवजी १५,००० च्या आसपासची घ्यावी लागेल.