पेढा टिकतो, क्रीम केक का टिकत नाही?

मे महिन्यात फ्रीज नसलेल्या दुकानातही साताऱ्याचा कंदी पेढा चार-पाच दिवस चांगला राहतो. खवा खरपूस भाजताना बरंच पाणी उडून जातं आणि उरलेलं साखर धरून ठेवते, त्यामुळे जंतूंना वाढायला ओलावाच मिळत नाही. ओलसर कलाकंद मात्र त्याच दिवशी संपवावा.

ताज्या क्रीमचा केक ३२ अंशांच्या वर तासाभरापेक्षा जास्त बाहेर नकोच. हातांवरून आलेले स्टॅफिलोकोकस जंतू त्यात वाढून विष सोडतात. वास, चव बहुधा बदलत नाही, म्हणून वास घेऊन खात्री करणं धोक्याचं. काचेच्या कपाटातला पिवळा बल्ब आतली हवा आणखी तापवतो. तो आधी काढावा. फ्रीज नसेल तर केक मांडून ठेवू नये, ऑर्डरपुरताच मागवून लगेच द्यावा.