काळवंडलेला मोका पॉट

मोका पॉट १९३३ साली इटलीत अल्फोन्सो बियालेत्तींच्या कारखान्यातून बाजारात आला, तोही ॲल्युमिनियमचाच. एकदा मी तो आळसाने डिशवॉशरमध्ये टाकला. बाहेर काढला तेव्हा चकाकी गेलेली, आणि बोट फिरवलं की करडी भुकटी लागत होती.

ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो, तोच धातूला जपतो. डिशवॉशरची पावडर अल्कलीयुक्त असते. गरम पाण्यात ती हा थर विरघळवते आणि उघडा पडलेला धातू काळवंडतो. धुण्याच्या सोड्यानेही हेच होतं. लिंबाचा रस घातलेलं पाणी पॉटमध्ये उकळलं, की काळपटपणा बराच उतरतो. कारखान्यातली झळाळी मात्र परतत नाही. रोजच्या वापरानंतर कोमट पाणी आणि मऊ स्पंज पुरे. मग सगळे भाग सुटे ठेवून वाळवायचे.

कॉफी वर चढायच्या ऐवजी आट्यांतून वाफ फुसफुसू लागली, थेंब बाहेर ओघळू लागले, तर आधी रबरी रिंग बघा. नखाने दाबून ती दबत नसेल किंवा तिला चिरा पडल्या असतील, तर ती संपली. वरचं भांडं उलटं करून बोथट सुरीच्या टोकाने रिंग उचकटायची, की तिच्यामागची जाळीची चकती हातात येते. चकतीची भोकं उजेडासमोर धरून बघा. बुजलेली असतील तर ब्रशने मोकळी करा. चकती वाकली असेल तर बदलाच. बसवताना आधी चकती, वर रिंग. नवी रिंग कपांच्या मापाचीच घ्या, तीन कपांची सहा कपांच्या पॉटला बसत नाही.