लघवीच्या आधी की नंतर?

अब्बांना लघवीला वरचेवर उठावं लागत होतं, म्हणून म्हसवडहून सकाळच्या एसटीने त्यांना साताऱ्याला नेलं. सोनोग्राफीसाठी लिटरभर पाणी पाजलं आणि लघवी रोखून धरायला सांगितलं. नंबर यायला दोन तास लागले. अब्बा घामाघूम झाले होते.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: ‘दोन्ही बाजूंना माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस, प्रोस्टेट ४० सीसी, लघवीनंतर शिल्लक १८० मिली.’ शेवटी ‘क्लिनिकल कोरिलेशन’. गावात कुणीतरी वाचून सांगितलं, किडन्या सुजल्यात, आता डायलिसिस. झालं! अब्बांनी पाणी पिणंच कमी केलं. रमजान तीन आठवड्यांवर आला होता आणि रोजे धरता येतील का, हा एकच घोर त्यांना लागला.

मी रेडिओलॉजिस्टना पत्र लिहिलं:

‘डॉक्टरसाहेब, सलाम. रिपोर्टबद्दल तक्रार नाही, तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. किडनीतली सूज लघवीच्या आधी दिसली की नंतर? लघवीआधी मूत्राशयात ७०० मिली होतं असं आपणच लिहिलंय; इतकं भरल्यावर शिल्लक राहिलेलं १८० मिली धरायचं का? आणि कोरिलेशन म्हणजे आम्ही नेमकं काय करायचं?’

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. प्रश्न योग्य आहे, म्हणाले. मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली मावतं. त्याहून जास्त तुंबलं, तर वरून येणाऱ्या लघवीला वाट मिळत नाही आणि किडनीतल्या नळ्या तात्पुरत्या फुगलेल्या दिसतात. मूत्राशय असं ताणलं गेलं की ते एका दमात पूर्ण रिकामंही होत नाही. किडन्या पाहिल्या त्या लघवीच्या आधीच; नंतर फक्त शिल्लक मोजली. सूज लघवीनंतरही राहिली, तरच खडा किंवा प्रोस्टेटचा अडथळा शोधावा लागतो. म्हणून पुन्हा या, पण लघवीची साधी भावना झाली की लगेच सांगा.

दुसऱ्या वेळी आधी ३५० मिली होतं, नंतर ४५ उरलं. किडन्यांतली सूज नाहीशी झाली होती. प्रोस्टेट मात्र ४० सीसीच. ते वाढलेलंच आहे. ‘कोरिलेशन’चा अर्थही त्यांनी सांगितला: नुसत्या चित्रावरून निकाल देता येत नाही, त्रास, तपासणी आणि रक्ताचा रिपोर्ट सोबत ठेवून इलाज करणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं.

म्हणून आम्ही दहिवडीच्या आमच्या डॉक्टरांकडे दोन्ही रिपोर्ट घेऊन गेलो. त्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी लिहून दिली, रात्री किती वेळा उठता ते विचारलं. रोज्याचं विचारल्यावर म्हणाले, ‘चाचा, रक्ताचा रिपोर्ट येऊ द्या, मग सांगतो. तोवर पाणी बंद करू नका.’

घरी आल्यावर अब्बांनी आधी माठाकडे हात नेला.