एका स्विचचे चार स्विच

कुणीतरी घरचा जुना वायफाय राउटर ऑफिसात आणतं. आपल्या कोपऱ्यात मोबाइलला रेंज नीट येत नाही, एवढंच कारण. भिंतीतल्या जॅकमधून आलेली केबल तो राउटरच्या मागच्या चार सारख्या दिसणाऱ्या पोर्टांपैकी एकात खोचतो आणि कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्या ऑफिसचं इंटरनेट बंद असतं आणि अकाउंट्सचा प्रिंटर सापडत नाही. गंमत म्हणजे उरलेल्या निम्म्यांचं सगळं सुरळीत चालू असतं, त्यामुळे सर्व्हिस प्रोव्हायडरला फोन करून काही निष्पन्न होत नाही.

कॉम्प्युटर सुरू झाला की त्याला आयपी पत्ता हवा असतो. तो कुणाकडे मागायचा हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो चाळीच्या चौकात उभं राहून हाक मारावी तसा सगळ्यांनाच विचारतो. याला ब्रॉडकास्ट म्हणतात. खरं तर उत्तर ऑफिसच्या डीएचसीपी सर्व्हरने द्यायचं. पण घरगुती राउटरमध्येही डीएचसीपी सर्व्हर असतोच, आणि तोही तत्परतेने उत्तर देतो. कॉम्प्युटर बहुधा आधी आलेलं उत्तर स्वीकारतो. मग ऑफिसचे पत्ते 10.1.0.x असताना काहींना 192.168.0.x असा पत्ता मिळतो, आणि बाहेर जायची वाट म्हणून तो राउटरच दाखवला जातो. त्याची स्वतःची इंटरनेटची केबल तर कुठेच जोडलेली नसते. ज्यांनी सकाळी मशीन नव्याने सुरू केलं ते अडकतात. ज्यांचं रात्रभर चालूच होतं त्यांच्याकडे जुना, योग्य पत्ता असतो, म्हणून त्यांना काही जाणवत नाही.

इथे दोष नुसता त्या राउटरचा नाही. ऑफिसचं नेटवर्क सपाट आहे, म्हणजे सगळे स्विच एकमेकांना जोडलेले आणि कुठेही मध्ये भिंत नाही. स्विच साध्या फ्रेमा ज्याच्या त्यालाच पोहोचवतो, पण ब्रॉडकास्ट मात्र आलेलं पोर्ट सोडून प्रत्येक पोर्टातून बाहेर सोडतो. त्यामुळे एकाची हाक दोन्ही मजल्यांवर सगळ्यांना ऐकू जाते. त्याच सपाटीवर सीसीटीव्हीचा रेकॉर्डर असतो, टॅलीचा सर्व्हर असतो, आणि पाहुण्याला वायफायचा पासवर्ड दिला की त्याचा मोबाइलही तिथेच येऊन बसतो. रेकॉर्डरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की त्याचं लॉगिनचं पान त्या पाहुण्यालाही दिसतं. त्याचा मूळ पासवर्ड बदललेला नसेल, तर पुढचं सांगायला नको.

वेगवेगळे स्विच आणि वेगवेगळ्या केबली घेऊन हे तोडता येईल, पण खर्चिक. व्ही-लॅन हेच काम एका स्विचच्या आत करतं. स्विचला सांगायचं की अमुक पोर्ट १० नंबरच्या गटात, तमुक २० च्या. १० मध्ये कर्मचारी, २० मध्ये अकाउंट्स, ३० मध्ये कॅमेरे, ४० मध्ये पाहुणे. १० मधलं ब्रॉडकास्ट १० च्याच पोर्टांवर जातं. बाकीच्यांच्या दृष्टीने तो जणू दुसराच स्विच. कुणी राउटर खोचला तर तो गोंधळ आता एका गटापुरता राहतो. त्या गटातले लोक मात्र अडकतातच. ते टाळायचं तर डीएचसीपी स्नूपिंग नावाची सोय स्विचवर वेगळी चालू करावी लागते.

आता पोर्टांचं. टेबलावरच्या कॉम्प्युटरला व्ही-लॅनची खबरच नसते, आणि ती द्यायची गरजही नाही. तो ज्या पोर्टाला जोडलेला आहे ते अ‍ॅक्सेस पोर्ट. त्याच्यावरून आत आलेली प्रत्येक फ्रेम स्विच नेमलेल्या व्ही-लॅनमधली समजतो, आणि बाहेर जाणारी फ्रेम साधी, बिनखुणेची पाठवतो. एक पोर्ट, एक व्ही-लॅन. अपवाद टेबलावरच्या आयपी फोनचा. फोनच्या मागे कॉम्प्युटर जोडलेला असेल, तर त्याच पोर्टावर आवाजासाठी आणखी एक व्ही-लॅन देता येतं.

अडचण येते दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या स्विचवरही कर्मचारी आहेत, अकाउंट्सचे दोघं आहेत, कॅमेरे आहेत. दोन स्विचमध्ये केबल एकच. ते पोर्ट अ‍ॅक्सेस ठेवलं तर एकाच व्ही-लॅनची वाहतूक जाईल, बाकीच्यांसाठी तीन केबली आणखी ओढाव्या लागतील. म्हणून ते ट्रंक करायचं. ट्रंकवरून जाताना स्विच प्रत्येक फ्रेममध्ये ४ बाइट्सची एक खूण घालतो. तिच्यातल्या १२ बिट्समध्ये व्ही-लॅनचा नंबर असतो, म्हणून १ ते ४०९४ इतके नंबर वापरता येतात. पलीकडचा स्विच खूण वाचतो, फ्रेम योग्य गटात टाकतो आणि अ‍ॅक्सेस पोर्टावरून बाहेर देताना खूण काढून घेतो. खुणेची ही पद्धत 802.1Q या नावाने १९९८ मध्ये मानक झाली, त्यामुळे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विचही एकमेकांचं ऐकतात.

ट्रंक म्हणजे फक्त स्विच ते स्विच, असा समज मात्र बरोबर नाही. छतावरचा वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट कर्मचारी आणि पाहुणे अशी दोन नावं दाखवत असेल, तर त्यालाही ट्रंकच लागतं. सिस्कोच्या स्विचवर हे साधारण असं लिहितात:

```
interface GigabitEthernet0/5
 switchport mode access
 switchport access vlan 20

interface GigabitEthernet0/24
 switchport mode trunk
 switchport trunk allowed vlan 10,20,30,40
```

पाचव्या पोर्टावर अकाउंट्सचा कॉम्प्युटर, चोविसाव्यावर वरचा मजला. ट्रंकवर बिनखुणेची फ्रेम आलीच, तर ती नेटिव्ह व्ही-लॅनची समजली जाते, आणि सिस्कोत मुळात तो नंबर १ असतो. दोन्ही टोकांना तो वेगळा ठेवला गेला, तर एका गटातली बिनखुणेची फ्रेम पलीकडे भलत्याच गटात शिरते.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. प्रत्येक व्ही-लॅनला पत्त्यांची स्वतंत्र मालिका लागते, आणि एका गटातून दुसऱ्यात जायचं तर राउटर किंवा राउटिंग करणारा स्विच मध्ये यावाच लागतो. त्याच्यावर नियम लिहिले नाहीत, तर तो सगळ्यांना सगळीकडे बिनदिक्कत सोडतो. पाहुण्यांची हाक रेकॉर्डरला ऐकू येणार नाही, पण पत्ता माहीत असलेला पाहुणा त्याच्यापर्यंत पोहोचेल. ४० वरून ३० कडे जाणारी वाहतूक अडवा, हा नियम वेगळा लिहावाच लागतो.

बिघाड शोधताना आधी कॉम्प्युटरचा पत्ता पाहावा. विंडोजवर तो 169.254 ने सुरू होत असेल, तर डीएचसीपीचं उत्तर पोहोचलंच नाही. अशा वेळी बहुधा ट्रंकच्या यादीत ते व्ही-लॅन राहून गेलेलं असतं किंवा स्विचवर ते तयारच केलेलं नसतं. पत्ता मिळाला, पण भलत्याच मालिकेतला असेल, तर बहुधा अ‍ॅक्सेस पोर्ट चुकीच्या गटात आहे. ट्रंकवरून काय जातंय ते `show interfaces trunk` सांगतं.

यादी वाढवताना होणारी चूक जुनीच आहे. नव्या मीटिंग रूमसाठी ५० नंबर जोडायचा म्हणून कुणी पहिली ओळ लिहितो, खरं तर हवी असते दुसरी:

```
switchport trunk allowed vlan 50
switchport trunk allowed vlan add 50
```

पहिली ओळ यादीत भर घालत नाही, जुनी यादी पुसून तिथे एकटा ५० ठेवते. वरच्या मजल्याचे फोन, कॅमेरे, अकाउंट्स सगळं त्याच क्षणी बंद पडतं. आणि तुम्ही त्या ट्रंकवरूनच वरच्या स्विचमध्ये शिरला असाल, तर तुमचाही संपर्क तुटतो. मग लॅपटॉप आणि कन्सोल केबल घेऊन जिना चढावा लागतो.